ट्रान्सपोर्टेशनच्या समात डिजनरसीवरून मार्क कापले असतील तर परीक्षकांना रिइव्हॅल्युएशनचं पत्र कसं लिहायचं

ऑपरेशन्स रिसर्चच्या म्हणजे ओआरच्या पेपरात ट्रान्सपोर्टेशनचा सम म्हणजे हक्काचे मार्क असं सगळे धरून चालतात, त्यामुळे पेपर हातात आल्यावर तिथेच अर्धे मार्क गेलेले दिसले की राग येतोच. आणि सम डिजनरेट असला, म्हणजे टेबलमध्ये भरलेले सेल कमी पडले, की हे जरा जास्तच होतं, कारण एप्सिलॉन कुठल्या सेलमध्ये ठेवला त्यावर पुढचे सगळे u, v आणि Δ अवलंबून असतात, दोन मुलांचे टेबल पूर्ण वेगळे दिसतात आणि तरी दोघांचंही बरोबर असू शकतं, पण तपासणाऱ्याच्या समोर मॉडेल आन्सर मात्र एकच असतं. अशा वेळी "सर माझं बरोबर आहे, प्लीज बघा ना" असं पत्र दिलं तर काही होत नाही. पत्रात गणित दाखवावं लागतं, तेही असं की सरांना दोन मिनिटांत पेन घेऊन पडताळता यावं. ते कसं करायचं ते मी एकाच समावर दाखवतो, तुमच्या समात आकडे वेगळे असतील पण रस्ता हाच.

आधी पेपर बघा, मग पत्र

पेपर न बघता पत्र लिहू नका. कॉलेजची इंटर्नल असेल किंवा कॉलेज ऑटोनॉमस असेल तर बहुतेक ठिकाणी पेपर दाखवतात, तिथे पत्र थेट त्या विषयाच्या परीक्षक सर-मॅडमच्या नावाने जातं. विद्यापीठाचा पेपर असेल तर परीक्षक कोण हे आपल्याला कळत नाही आणि कळायलाही नको, तिथे अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावाने, कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत करायचा आणि परीक्षकांसाठीचं गणित त्याला जोडायचं. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकन. इथे एक गोष्ट खूप मुलं चुकवतात, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन हे दोन वेगळे अर्ज आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का एवढंच बघतात, तुमचा एप्सिलॉन बरोबर जागी होता की नाही हे तिथे कोणी बघणार नाही. त्यामुळे डिजनरसीच्या भांडणाला पुनर्मूल्यांकनच लागतं. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती छोटी असते, नोटीस बोर्डवरची किंवा साइटवरची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या, आणि पुनर्मूल्यांकनात मार्क कमीही होऊ शकतात का हा नियमही आधी वाचा.

छायाप्रत द्यायला कोणी का-कू करत असेल तर सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलंय की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. पण त्याने फक्त पेपर बघायला मिळतो, पुन्हा तपासून घ्यायला त्या त्या विद्यापीठाचाच नियम लागतो.

आता सम

तीन फॅक्टऱ्या, तीन गोदामं, प्रत्येक युनिटची वाहतूक कॉस्ट रुपयांत:

| | ग१ | ग२ | ग३ | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| फ१ | २ | ७ | ६ | ३० |
| फ२ | ८ | ६ | ५ | ४० |
| फ३ | ९ | ५ | ३ | ३० |
| मागणी | ३० | ५० | २० | १०० |

लीस्ट कॉस्टने जाऊ. सगळ्यात कमी २, म्हणजे फ१–ग१ ला ३०. आणि इथेच डिजनरसी घुसते, कारण फ१ चा पुरवठा आणि ग१ ची मागणी दोन्ही एकदम संपतात, रो पण कटते आणि कॉलम पण कटतो. मग ३ च्या सेलला म्हणजे फ३–ग३ ला २०, फ३ कडे उरले १० ते फ३–ग२ ला, आणि फ२ चे ४० फ२–ग२ ला. कॉस्ट काढली तर ६० + ६० + ५० + २४० = ४१० रुपये. (या समात नॉर्थ-वेस्ट कॉर्नरने किंवा व्हॅमने केलंत तरी हेच चार सेल भरतात, त्यामुळे पहिल्या टेबलवर वाद नाही.)

भरलेले सेल चार, आणि पाहिजेत m + n − १ म्हणजे ३ + ३ − १ = ५. एक कमी, म्हणून सोल्युशन डिजनरेट, म्हणून एका रिकाम्या सेलमध्ये ε म्हणजे एप्सिलॉन, शून्याइतका छोटा आकडा, ठेवायचा. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं.

समजा तुम्ही ε ठेवला फ१–ग३ मध्ये, कॉस्ट ६. मोडी मेथडने म्हणजे u, v आणि Δ काढून ऑप्टिमल आहे का बघितलं, फ१–ग२ चा Δ आला −१, लूप काढून एक इटरेशन केलं, दुसऱ्या टेबलमध्ये सगळे Δ शून्य किंवा जास्त आले, कॉस्ट ४१० च राहिली, उत्तर ४१०. आणि पेपरवर लाल पेनने दोन शेरे: ε जवळ "लीस्ट कॉस्ट सेलमध्ये नाही", आणि दुसऱ्या टेबलजवळ "कॉस्ट बदलली नाही, इटरेशन चूक". दहापैकी पाच मार्क.

वर वर बघितलं तर पहिला शेरा पटतो, कारण रिकाम्या सेलमध्ये सगळ्यात कमी कॉस्ट खरंच ५ आहे, फ२–ग३ ची, आणि तुम्ही ६ चा सेल घेतलाय. म्हणून इथे नीट थांबा.

पत्राआधी स्वतःचं तपासा

नियम अर्धवट पाठ असतो. "सगळ्यात कमी कॉस्टचा रिकामा सेल" हा अर्धा नियम झाला, पूर्ण नियम आहे सगळ्यात कमी कॉस्टचा इंडिपेंडंट रिकामा सेल, म्हणजे ज्या सेलपासून भरलेल्या सेलवरून वळत वळत परत त्याच सेलला येता येत नाही असा. फ२–ग३ वरून निघा, खाली फ३–ग३ भरलेला, डावीकडे फ३–ग२ भरलेला, वर फ२–ग२ भरलेला, उजवीकडे परत फ२–ग३. लूप बंद झाला. म्हणजे तो सेल इंडिपेंडंट नाही, कॉस्ट कितीही कमी असली तरी ε तिथे चालत नाही. त्याच्या नंतरचा कमी कॉस्टचा सेल ६ चा, फ१–ग३. तिथून खाली फ३–ग३ ला जाता येतं, पण फ१ च्या रोमध्ये दुसरा भरलेला सेल फक्त फ१–ग१ आणि ग१ च्या कॉलममध्ये त्याच्याशिवाय काहीच नाही, त्यामुळे परत यायला वाटच नाही. इंडिपेंडंट. तुमचा ε बरोबर जागी आहे.

लूप काढताना गडबड होत असेल तर अजून एक सोपी चाचणी आहे, मला ती जास्त भरवशाची वाटते. ε धरून पाच सेलवरून u, v काढून बघा. एक u शून्य धरल्यावर बाकीचे पाचही आकडे निघाले आणि कुठेच भांडण झालं नाही तर जागा बरोबर. जागा चुकीची असेल तर दोन गोष्टी एकदम होतात, एकीकडे समीकरण जुळत नाही आणि दुसरीकडे एखादी रो आणि कॉलम लटकून राहतात.

फ२–ग३ वर हे करून बघू, कारण हाच पत्राचा कणा आहे. भरलेल्या प्रत्येक सेलला u + v म्हणजे त्याची कॉस्ट. u३ = ० धरा. फ३–ग२ वरून v२ = ५, फ३–ग३ वरून v३ = ३, फ२–ग२ वरून u२ = १. आता ε फ२–ग३ मध्ये असेल तर u२ + v३ = ५ यायला हवं, पण १ + ३ = ४ येतंय. जुळतच नाही. आणि u१ + v१ = २ एवढंच कळतं, u१ किती आणि v१ किती हे कधीच निघत नाही. म्हणजे शेऱ्यात सांगितलेल्या सेलमध्ये ε ठेवला तर सम पुढे सरकतच नाही. "माझं बरोबर" यापेक्षा "तिथे ठेवलं तर u, v निघत नाहीत" हे वाक्य परीक्षकाला लगेच पटतं कारण ते त्यांना तिथल्या तिथे करून बघता येतं.

आता दुसरा शेरा. ε फ१–ग३ मध्ये असताना u३ = ०, v२ = ५, v३ = ३, u२ = १, u१ = ६ − ३ = ३, v१ = २ − ३ = −१. Δ म्हणजे कॉस्ट वजा (u + v):

```
फ१–ग२ : ७ − (३ + ५) = −१
फ२–ग१ : ८ − (१ − १) = ८
फ२–ग३ : ५ − (१ + ३) = १
फ३–ग१ : ९ − (० − १) = १०
```

फ१–ग२ निगेटिव्ह, म्हणून त्याला प्लस, फ१–ग३ ला मायनस, फ३–ग३ ला प्लस, फ३–ग२ ला मायनस. मायनसच्या सेलमध्ये आहेत ε आणि १०, त्यातला लहान ε, म्हणून θ = ε. म्हणजे खरा माल एक युनिटही हलत नाही, फक्त ε फ१–ग३ मधून फ१–ग२ मध्ये जातो. माल हलला नाही तर कॉस्ट कशी बदलेल? कॉस्टमधला फरक Δ × θ, म्हणजे −१ × ε, आणि ε शून्य धरायचा असतो. डिजनरेट समात हे नेहमीचं आहे, इटरेशन चुकल्याचं ते लक्षण नाही. नवीन टेबलमध्ये u१ = २, v१ = ०, बाकी तेच, आणि Δ येतात १, ७, १, ९. सगळे पॉझिटिव्ह, म्हणून ४१० ऑप्टिमल.

तुमच्या कॉलेजमध्ये Δ उलटा शिकवला असेल, u + v वजा कॉस्ट, तर चिन्हं उलटी येतील, पत्रात तुम्ही कुठला वापरलाय ते एका ओळीत लिहा नाहीतर त्यावरूनच नवीन गोंधळ.

एक पक्कं प्रमाण अजून आहे आणि ते फार कमी मुलं वापरतात. शेवटच्या u, v ने पुरवठा आणि मागणीला गुणून बेरीज करा:

```
पुरवठा : ३०×२ + ४०×१ + ३०×० = १००
मागणी  : ३०×० + ५०×५ + २०×३ = ३१०
एकूण   : ४१०
```

वाहतुकीची कॉस्टही ४१०. सगळे Δ शून्य किंवा जास्त आणि ही एकूण बेरीज कॉस्टइतकीच, म्हणजे यापेक्षा कमी कॉस्ट कोणीच काढू शकत नाही, ε कुठेही ठेवा. ड्युअल सिलॅबसमध्ये असेल तर हे जरूर टाका.

आणि तपासताना उलटं निघालं, म्हणजे ε तुम्हीच लूपच्या सेलमध्ये ठेवलेला, किंवा ε न ठेवता एखादा u अंदाजाने शून्य लिहून पुढे गेलात, तर शेवटचं उत्तर ४१० जुळलं म्हणून त्या स्टेपचे मार्क मागू नका. या समात पहिल्या टेबलचीच कॉस्ट ४१० आहे, त्यामुळे नुसत्या ४१० वरून ऑप्टिमॅलिटी टेस्ट बरोबर केल्याचं काहीच सिद्ध होत नाही आणि परीक्षकही तेच म्हणतील. तेव्हा फार तर पहिल्या टेबलचे मार्क पूर्ण मिळालेत का तेवढं बघा.

पत्र

पत्र एका पानात, सोबत एक पान गणित. पत्रात कुठल्या पानावरचा कुठला शेरा, त्याला उत्तर काय, आणि नेमकी विनंती काय, एवढंच. किती अभ्यास केला, घरची परिस्थिती, पुढची अ‍ॅडमिशन, हे काही नको, त्याने गणित झाकलं जातं. "तुम्ही चुकलात" असंही नको, "शेऱ्यात सुचवलेल्या सेलमध्ये" असं लिहिलं की बोट माणसाकडे न जाता सेलकडे जातं. मी असं लिहीन:

> प्रति,
> मा. परीक्षक, ऑपरेशन्स रिसर्च
> (कॉलेजचं नाव, परीक्षा, बैठक क्रमांक, तारीख)
>
> विषय: प्रश्न ३ (ब), ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम, या उत्तराचे पुनर्मूल्यांकन होण्याबाबत
>
> आदरणीय सर / मॅडम,
>
> प्रश्न ३ (ब) मध्ये मला १० पैकी ५ गुण मिळाले आहेत. उत्तरपत्रिका पाहिल्यावर दोन शेऱ्यांबाबत आपल्या विचारासाठी पुढील मुद्दे मांडत आहे.
>
> १. पान ७ वर ε लीस्ट कॉस्ट सेलमध्ये नाही असा शेरा आहे. रिकाम्या सेलपैकी सर्वांत कमी कॉस्ट (५) फ२–ग३ ची आहे, परंतु हा सेल फ३–ग३, फ३–ग२ आणि फ२–ग२ या भरलेल्या सेलसोबत क्लोज्ड लूप तयार करतो, म्हणून तो इंडिपेंडंट नाही. तेथे ε ठेवल्यास u३ = ० धरून u२ + v३ = ४ येते, तर सेलची कॉस्ट ५ आहे, आणि u१ व v१ स्वतंत्रपणे काढता येत नाहीत. त्यामुळे मी त्यानंतरचा कमी कॉस्टचा इंडिपेंडंट सेल फ१–ग३ (कॉस्ट ६) निवडला आहे.
>
> २. पान ८ वर इटरेशननंतर कॉस्ट बदलली नाही म्हणून ते चूक धरले आहे. फ१–ग२ चा Δ = कॉस्ट − (u + v) = −१ असल्याने इटरेशन आवश्यक होते. लूपमधील मायनस सेलमध्ये ε व १० होते, म्हणून θ = ε. यात फक्त ε ची जागा बदलते, त्यामुळे कॉस्ट ४१० च राहते. दुसऱ्या टेबलमध्ये सर्व Δ पॉझिटिव्ह आहेत (१, ७, १, ९), म्हणून सोल्युशन ऑप्टिमल आहे.
>
> दोन्ही टेबल आणि u, v ची पडताळणी सोबतच्या पानावर दिली आहे. ε ची जागा आणि ऑप्टिमॅलिटी टेस्ट या स्टेप्सचे गुण पुन्हा तपासावेत ही नम्र विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (नाव, रोल नंबर, सही)
>
> सोबत: उत्तरपत्रिकेच्या पान ७ व ८ ची प्रत, गणिताचे एक पान

विद्यापीठाचा अर्ज असेल तर "प्रति" मध्ये संचालक येतील आणि "मार्फत" मध्ये प्राचार्य, बाकी मुद्दे तसेच. तिथे बऱ्याचदा ठरलेला फॉर्म असतो आणि त्यात एवढं लिहायला जागाच नसते, तर फॉर्म भरून "सोबतचे पान पाहावे" असं लिहा आणि पान जोडता येतं का ते परीक्षा विभागात विचारून घ्या. ऑटोनॉमस कॉलेजमध्ये मात्र हे पत्र जसंच्या तसं चालतं.

विनंतीत "पूर्ण मार्क द्यावेत" असं न लिहिता कुठल्या स्टेपचे मार्क ते लिहिलंय, ते मुद्दाम. ऑप्टिमॅलिटीला पेपरात सहा मार्क असतील आणि तुम्हाला त्यातला एकच मिळाला असेल तर परीक्षक त्या सहांकडेच बघतील, पहिल्या टेबलकडे पुन्हा जाणार नाहीत.

सोबतचं पान

हे पान नव्याने सम सोडवण्यासाठी नाही. उत्तरपत्रिकेत जे लिहिलंय तेच स्वच्छ करून मांडायचं, नवीन स्टेप घातलीत तर ती उत्तराचा भाग धरत नाहीत आणि उगाच शंका येते. वर पहिलं टेबल ε सकट, शेजारी u, v. त्याखाली फ२–ग३ चा लूप बाणांनी, कारण लूप डोळ्यांनी दिसला की पहिला मुद्दा वाचायचीही गरज पडत नाही. मग दुसरं टेबल आणि शेवटी ४१० ची ड्युअलवाली पडताळणी, तिच्यावर "फक्त पडताळणीसाठी, उत्तरपत्रिकेत नाही" असं स्पष्ट लिहा.

डिजनरसी मध्येच आली असेल तर

वरच्या समात ती सुरुवातीलाच आली. काही समात सुरुवातीला सेल पुरेसे असतात आणि इटरेशन करताना लूपच्या दोन मायनस सेलमध्ये सारखाच आकडा असतो, समजा दोन्हीकडे १५, तर θ = १५ वजा केल्यावर दोन्ही एकदम शून्य होतात. एक नवीन सेल भरला आणि दोन रिकामे झाले, म्हणजे पुन्हा एक कमी. अशा वेळी दोन्ही काढायचे नाहीत, एकच काढायचा आणि दुसऱ्यात ε ठेवायचा. शेरा येतो "ε कुठून आला" किंवा "हा सेल शून्य झाला, काढायला हवा होता". पत्रात वाक्य असं: "लूपमधील दोन मायनस सेलमध्ये समान १५ असल्याने दोन्ही शून्य झाले, m + n − १ इतके सेल राहावेत म्हणून एक सेल काढून दुसऱ्यात ε ठेवला आहे." इथे इंडिपेंडंट आहे का ही चाचणी वेगळी करावी लागत नाही, लूपमधला कुठलाही एक सेल काढला की उरलेल्यांचा लूप होत नाही.

दोघांपैकी कुठला ठेवायचा यावर पुस्तकांत कमी कॉस्टवाला ठेवा असं असतं, पण ती सोय आहे, दुसरा ठेवला तरी चूक नाही, फार तर एखादं इटरेशन जास्त लागेल. सुरुवातीच्या ε चंही तसंच, इंडिपेंडंट असलेला कुठलाही सेल चालतो. आपल्या समात ७ च्या फ१–ग२ मध्ये ε ठेवला असता तर पहिल्याच टेबलला ऑप्टिमल निघालं असतं, ६ च्या सेलने एक पायरी वाढवली, एवढाच फरक. तुमच्या मित्राने ७ चा सेल घेतला असेल आणि त्याचेही मार्क कापले असतील तर त्याच्या पत्रात पहिला मुद्दा तोच राहील, फक्त शेवटी फ१–ग३ ऐवजी "इंडिपेंडंट असलेला फ१–ग२ निवडला आहे" असं येईल, आणि दुसरा मुद्दा लागणार नाही.

देताना

दोन प्रती काढा, एक ऑफिसमध्ये द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. सरांच्या हातात दिलंत तरी ऑफिसची पोच घ्याच, मुदतीचा प्रश्न आला तर तीच कामाला येते. सरांनी समोर बसवून विचारलं तर पत्र वाचून दाखवू नका, पेन घेऊन फ२–ग३ चा लूप काढून दाखवा आणि १ + ३ = ४, कॉस्ट ५ एवढं लिहा, मग θ = ε. आणि सरांनी असा मुद्दा काढला जो तुमच्या पानात नाही, उदाहरणार्थ टेबलमधला एखादा आकडा तुम्ही खोडून वर लिहिलाय आणि तो वाचता येत नाहीये, तर ते मूळ पान मागून तिथेच बघा, छायाप्रतीत खोडलेलं नीट उमटत नाही.